भाड्याचं घर विकत घेताना: ऑप्शन फी आणि रेंट क्रेडिटचा आमचा हिशेब

१५ नोव्हेंबर २०२४ ला आमच्या टाउनहाउसचं क्लोजिंग, म्हणजे खरेदीचा शेवटचा व्यवहार, झालं. नॉर्थ कॅरोलिनात, रॅलेजवळच्या कॅरी गावात. त्याआधी दीड वर्ष आम्ही त्याच घरात भाड्याने राहत होतो आणि भाडेकराराच्या जोडीला 'घर विकत घ्यायचा ऑप्शन' असा दुसरा करार होता. त्या काळात मराठी मंडळातल्या बऱ्याच जणांनी विचारलं, "म्हणजे भाडं फुकट जात नाही ना?" याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही, म्हणून सगळं क्रमाने लिहून काढते आहे. कायद्याचे तपशील नॉर्थ कॅरोलिनाचे आहेत. दुसऱ्या राज्यात ते वेगळे असतात, टेक्ससमध्ये तर बरेच वेगळे.

२०२३ च्या वसंतात आमची स्थिती अशी होती: दोघं एच-१बी वर, नवऱ्याला अमेरिकेत येऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं, क्रेडिट हिस्टरी कोवळी आणि शिल्लक साधारण बारा हजार डॉलर. एच-१बी वर गृहकर्ज मिळतं, अडचण ती नव्हती. अडचण होती डाऊन पेमेंटची आणि नवऱ्याची नोकरी या गावात टिकेल का याची. तेवढ्यात आमच्याच कॉलनीतला एक घरमालक नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात निघाला होता. त्याचं घर दोन महिने बाजारात पडून होतं. त्याच्या एजंटनेच हा मार्ग सुचवला: आत्ता भाड्याने राहा, घराची किंमत आजच ठरवून टाकू, आवडलं तर दीड वर्षात घ्या.

आकडे असे ठरले. ऑप्शन प्राइस, म्हणजे पुढे ज्या किमतीला घर घ्यायचा आमचा हक्क राहील ती किंमत, ४ लाख १० हजार डॉलर. ऑप्शन फी ८ हजार. भाडं महिना २,६००, त्यातले ४०० दर महिन्याला 'क्रेडिट'. घर घेतलं तर ऑप्शन फी आणि साठलेलं क्रेडिट दोन्ही किमतीतून वजा. नाही घेतलं तर दोन्ही गेले. मुदत १ जून २०२३ ते ३० नोव्हेंबर २०२४.

सांगलीला बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे इसार दिलास म्हण की." मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण इसार दिला की व्यवहार ठरला, दोन्ही बाजू बांधल्या गेल्या. इथे बांधला जातो फक्त मालक. त्याला दीड वर्ष घर दुसऱ्याला विकता येत नाही आणि किंमतही वाढवता येत नाही. आम्ही मात्र कधीही "नको" म्हणू शकतो. ते आठ हजार या मोकळीकीची किंमत आहेत, म्हणूनच परत मिळत नाहीत.

सही करण्याआधी आम्ही रिअल इस्टेट अॅटर्नी गाठली. या राज्यात क्लोजिंग तसंही अॅटर्नीच करतात, त्यामुळे तिलाच आधीपासून धरलं. करार तपासायचे आणि टायटल, म्हणजे घराच्या मालकीच्या नोंदी, बघायचे मिळून ६५० डॉलर झाले. या सगळ्या प्रवासात इतके कामी आलेले पैसे दुसरे नाहीत.

टायटल सर्चमध्ये घरावर दोन बोजे दिसले, मूळ गृहकर्ज आणि त्यावर काढलेली होम इक्विटीची उचल. तिने मालकाकडून दोन्हींची ताजी स्टेटमेंट मागवली. दोन्ही मिळून बाकी साडेतीन लाखांच्या आसपास होती. मग तिने कागदावर वजाबाकी केली. ऑप्शन फी आणि सगळं क्रेडिट वजा जाता क्लोजिंगला मालकाच्या हाती येणार ३ लाख ९४ हजार ८००. कर्ज फेडायला ते पुरतात. जर बाकी चार लाख असती, तर करार कितीही चांगला असला तरी त्या दिवशी तो बँकेचा बोजा उतरवू शकला नसता आणि आम्ही तोंडात मारल्यासारखे बसलो असतो. म्हणून तिने करारात एक वाक्य घातलं, की मुदत संपेपर्यंत मालक या घरावर नवी उचल करणार नाही. शिवाय कर्जाचे हप्ते भरल्याचं स्टेटमेंट तो आम्हाला दर तिमाहीला दाखवेल. आपण भाडं वेळेवर द्यावं आणि त्याने हप्ता थकवावा, हे घडू शकतं.

दुसरं तिने असं सांगितलं, की मालकाच्या कर्जात 'घर विकलं तर सगळं कर्ज एकदम फेडा' असं कलम आहे. तीन वर्षांपर्यंतच्या साध्या भाडेकरारावर १९८२ च्या केंद्रीय कायद्यानुसार बँक ते कलम लावू शकत नाही, पण ऑप्शन जोडला की ती सूट राहत नाही. हप्ते वेळेवर येत असताना बँका सहसा तिकडे बघत नाहीत, असं तिचं म्हणणं. पण धोका शून्य नाही, हे तिने ईमेलवर लेखी दिलं. आम्ही तो पत्करला.

११ मे २०२३, गुरुवारी सह्या झाल्या. या राज्यात भाडेकराराला जोडलेल्या ऑप्शनसाठी वेगळा कायदाच आहे, जनरल स्टॅच्यूट्सचं प्रकरण ४७जी. त्यानुसार सहीनंतर कामाच्या तिसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत खरेदीदाराला करार रद्द करता येतो. आणि हे वाक्य सहीच्या बरोबर वर, ठळक मोठ्या अक्षरात छापलेलं असावं लागतं. आमची मुदत मंगळवारी संपली. भाडं किंवा दुसरं काही थकलं तर लगेच ऑप्शन बुडत नाही, नोटीस देऊन चूक सुधारायची संधी द्यावी लागते, हेही त्याच कायद्यात आहे. मालकाच्या एजंटने आणलेल्या पहिल्या मसुद्यात यातलं काहीच नव्हतं. कुठल्यातरी वेबसाइटवरून उतरवलेला नमुना होता तो.

त्याच कायद्याप्रमाणे कराराची प्रत किंवा त्याचा सारांश, ज्याला इथे मेमोरँडम म्हणतात, मालकाने पाच कामाच्या दिवसांत काउंटीच्या रजिस्टर ऑफ डीड्सकडे नोंदवायचा असतो. फी फक्त २६ डॉलर. आम्ही मालकावर न सोडता अॅटर्नीमार्फत वेक काउंटीत नोंद करून घेतली आणि शिक्का मारलेली प्रत फाइलला लावली. याचा एवढा आग्रह का, तर नॉर्थ कॅरोलिनात आधी नोंदवील त्याचा हक्क आधी. मालकाने उद्या हेच घर तिसऱ्याला विकलं आणि त्याने आपल्याआधी नोंद केली, तर त्याला आपल्या कराराची माहिती होती हे दाखवूनही उपयोग होत नाही. कपाटातला करार तिथे कामाचा नाही.

जूनपासून राहायला गेलो. रोजचं जगणं भाडेकरूचंच. पण दोन गोष्टी वेगळ्या होत्या. एक म्हणजे दुरुस्त्या. मालकाचा सूर असा, की "आता हे तुमचंच घर आहे." त्या उन्हाळ्यात एसी बंद पडला तेव्हा तो सूर महागात गेला असता. करारात स्पष्ट होतं, दोनशे डॉलरपर्यंतची किरकोळ कामं आमची, बाकी सगळं त्याचं. कंप्रेसरचं बिल त्याने भरलं. भाडेकरार आहे तोवर घर राहण्याजोगं ठेवणं ही घरमालकाचीच जबाबदारी.

दुसरी गोष्ट भाड्याची तारीख. करारात होतं, भाडं पाच तारखेनंतर पोचलं तर त्या महिन्याचं ४०० चं क्रेडिट मिळणार नाही. उशिराचा दंड तर वेगळाच. आम्ही बँकेतून दर महिन्याच्या २८ तारखेला पैसे आपोआप जातील असं लावलं. आणि कितीही सोयीचं वाटलं तरी एकही महिना रोखीने दिला नाही, कारण पुढे बँक प्रत्येक महिन्याचा पुरावा मागते.

आता खरा विषय. ऑगस्ट २०२४ मध्ये लोन ऑफिसरशी बोललो. आमच्या डोक्यातला हिशेब सरळ होता. पाच टक्के डाऊन पेमेंट, म्हणजे २०,५००. त्यातले ८,००० ऑप्शन फी म्हणून आधीच दिलेले, ४०० गुणिले १८ म्हणजे ७,२०० क्रेडिट. एकूण १५,२००. म्हणजे डाऊन पेमेंटचे फक्त ५,३०० कमी आणि वर क्लोजिंगचा खर्च.

बाईंनी शांतपणे विचारलं, "अशा घराला तुमच्या भागात भाडं किती येतं?"

प्रश्न असा का, ते कळायला मला वेळ लागला. बँकेच्या दृष्टीने डाऊन पेमेंट म्हणजे खरेदीदाराच्या खिशातून गेलेला पैसा. घरात राहायचं बाजारभावाने भाडं द्यावंच लागतं, त्यामुळे तेवढ्या रकमेला बँक राहण्याचा मोबदला समजते. बाजारभावाच्या वर तुम्ही जे दिलं तेवढीच बचत. मालकाने कागदावर ४०० लिहिले काय किंवा ६०० लिहिले काय, बँक आपला आकडा स्वतः काढते. आमचं कर्ज बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे या संस्थेच्या नियमांनी जाणारं होतं. त्यात मूळ करार किमान बारा महिन्यांचा हवा, शेवटच्या बारा महिन्यांच्या भाड्याचे पुरावे हवेत आणि भाड्याचा बाजारभाव ठरवणार ॲप्रेझर, म्हणजे घराचं मूल्यांकन करणारा माणूस.

ॲप्रेझर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आला. नेहमीच्या मूल्यांकनासोबत त्याने आसपासच्या भाड्यांचा तुलनेचा तक्ताही भरला, फॉर्म १००७. त्याचे १५० डॉलर जास्तीचे. तक्त्यात आमच्याच कॉलनीतली तीन टाउनहाउस होती. त्याने काढलेला बाजारभाव २,३५०.

म्हणजे आम्ही महिन्याला २५० जास्त देत होतो. बारा महिन्यांचे ३,०००. बँकेने डाऊन पेमेंट म्हणून धरलं ते एवढंच. ऑप्शन फीचे आठ हजार पूर्ण धरले, कारण ते आमच्या खात्यातून गेल्याचं मे २०२३ चं स्टेटमेंट होतं आणि करारात ते किमतीतून वजा होणार असं लिहिलेलं होतं. एकूण ११,०००. मग डाऊन पेमेंटचे आणखी ९,५०० भरायचे.

उरलेल्या ४,२०० चं काय? मालक तर ते द्यायला बांधील होताच. इथे दोन वाटा होत्या.

पहिली वाट, मालकाने ते आमच्या क्लोजिंगच्या खर्चात द्यायचे. नव्वद टक्क्यांच्या वर कर्ज असेल तर विक्रेत्याला किमतीच्या तीन टक्क्यांपर्यंत असं देता येतं. आमच्या बाबतीत मर्यादा १२,३०० होती, म्हणजे ४,२०० आरामात बसत होते. आमचा क्लोजिंगचा खर्च, विमा आणि टॅक्सची आगाऊ रक्कम धरून, ९,००० च्या आसपास होता. त्यातून ४,२०० गेले, राहिले ४,८००. डाऊन पेमेंटचे ९,५०० मिळवले की एकूण १४,३००.

दुसरी वाट, किंमतच ४,२०० ने कमी करायची, म्हणजे ४ लाख ५ हजार ८००. मग पाच टक्के होतात २०,२९०. त्यातून ११,००० वजा, राहिले ९,२९०, आणि क्लोजिंगचे पूर्ण ९,०००. एकूण १८,२९०. पैसे बुडत नाहीत, कर्ज ३,९९० ने कमी होतं, पण तेवढीच रोकड आत्ता जास्त लागते. आमच्याकडे रोकड कमी होती, म्हणून पहिली वाट धरली.

गंमत बघा, १४,३०० हा आकडा आमच्या मूळ हिशेबातही तोच येत होता: ५,३०० आणि ९,०००. म्हणजे शेवटी खिशातून तेवढेच गेले, फक्त क्रेडिट वेगळ्या खान्यांत पडलं. पण हे जमलं कारण आमचा क्लोजिंगचा खर्च मोठा होता. विक्रेत्याची मदत प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त असू शकत नाही. समजा आमचं भाडं बाजारभावाइतकंच असतं आणि क्रेडिट महिना हजार डॉलर लिहिलेलं असतं, तर अठरा हजारांतला एकही डॉलर डाऊन पेमेंटमध्ये धरला गेला नसता आणि क्लोजिंगच्या खर्चातही निम्म्याहून जास्त मावलं नसतं. किंमत कमी झाली असती, हे खरं. पण ज्याला डाऊन पेमेंटच जमवायचं आहे त्याला त्याचा काय उपयोग? मोठ्या क्रेडिटच्या जाहिराती दिसल्या की मी आता आधी भाड्याचा बाजारभाव बघते.

आणखी एक हिशेब मी सही करण्याआधी केला होता आणि तो प्रत्येकाने करावा. घर घेतलंच नाही तर किती जाईल? ऑप्शन फी ८,००० आणि जास्तीचं भाडं. तेव्हा मी कॉलनीतल्या भाड्यांवरून तो फरक महिना दोनशे ते तीनशे धरला होता. प्रत्यक्षात अठरा महिन्यांचे २५० प्रमाणे ४,५०० निघाले. म्हणजे साडेबारा हजार. उलट बाजूने, मालकाने दिलेल्या ७,२०० क्रेडिटमधले ४,५०० आमचेच होते, त्याचे स्वतःचे फक्त २,७००. 'भाड्यातून घर होतं' या म्हणण्यात तथ्य असेल तर ते एवढंच.

ॲप्रेझलमध्ये घराची किंमत ४ लाख ३६ हजार आली. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. नवऱ्याने लगेच विचारलं, की वरचे २६ हजार डाऊन पेमेंटमध्ये धरतील का. नाही. खरेदीची किंमत आणि मूल्यांकन यांत जी कमी, तिच्यावर बँक कर्ज मोजते. वाढीव किंमत आपलीच, पण ती घर विकल्यावर किंवा पुढे पुन्हा कर्ज घेताना दिसणार. उलट झालं असतं, म्हणजे मूल्यांकन ३ लाख ९० हजार आलं असतं, तर वरच्या वीस हजारांवर कर्जच मिळालं नसतं. मग मालकाला किंमत उतरवायला सांगणं, रोख भरणं किंवा साडेबारा हजारांवर पाणी सोडून निघून जाणं, एवढेच पर्याय.

आता थोडं मागे येते, कारण एक तारीख राहिली. ऑप्शन वापरायची लेखी नोटीस मालकाकडे १५ सप्टेंबर २०२४ पर्यंत 'पोचायला' हवी होती. नुसतं पोस्टात टाकणं पुरेसं नव्हतं, आणि १५ सप्टेंबरला रविवार. ऑप्शनच्या मुदतीबाबत कोर्टं फार कडक असतात, एक दिवस उशीर झाला तरी हक्क संपू शकतो. फोनवर "आम्ही घेतोय हं" म्हणून भागत नाही. ईमेल चालेल असं करारात नसेल तर तोही नाही. अॅटर्नीने एका परिच्छेदाचं पत्र करून दिलं, त्यात घराचा पत्ता, कराराची तारीख, मेमोरँडमच्या नोंदीचा बुक आणि पान क्रमांक आणि 'आम्ही ऑप्शन वापरत आहोत' हे निःसंदिग्ध वाक्य. २६ ऑगस्टला सर्टिफाइड मेलने पाठवलं, पोचपावतीसकट. मालकाच्या सहीचं हिरवं कार्ड परत येईपर्यंतचे दिवस मी पोस्टाच्या साइटवर सारखी डोकावत होते. ते कार्ड आमच्या फाइलमधला सगळ्यात लाडका कागद आहे.

नोटीस पोचली की भाडेकरू-घरमालक या नात्याच्या जोडीला खरेदीदार-विक्रेता हे नातंही सुरू होतं. मग नेहमीची धावपळ. व्याजदराबाबत नशिबाने साथ दिली. फॅनी मेसारखीच दुसरी संस्था फ्रेडी मॅक, तिची तीस वर्षांच्या कर्जाच्या दराची सरासरी सप्टेंबरअखेर ६.०८ टक्क्यांपर्यंत उतरली होती. आम्ही ३० सप्टेंबरला साठ दिवसांसाठी दर बांधून घेतला. क्लोजिंगच्या आठवड्यात तीच सरासरी ६.७८ झाली होती. ऑप्शन किंमत बांधतो, व्याजदर नाही, हे विसरायला होतं. कराराच्या पहिल्याच वर्षी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, दर पावणेआठच्या वर गेला होता आणि तेव्हा आम्ही हप्त्याचा हिशेब करून गप्प बसलो होतो.

कर्जाचे कागद तपासून मंजुरी देणाऱ्या अंडररायटरने शेवटच्या आठवड्यात क्रेडिटचं लेखी विवरण मागितलं: महिनावार भाडं, क्रेडिट, एकूण, खाली मालकाची सही. आम्ही सुरुवातीपासून एक तक्ता ठेवला होता आणि दर सहा महिन्यांनी मालकाकडून ईमेलवर 'बरोबर आहे' असं घेत होतो, त्यामुळे ते त्याच दिवशी गेलं.

क्लोजिंगचा कागद, क्लोजिंग डिस्क्लोजर, किमान तीन कामाचे दिवस आधी येतो. तो ओळ न ओळ तपासा. आमच्यात ऑप्शन फी, भाड्याचे ३,००० आणि विक्रेत्याचे ४,२०० अशा तीन वेगळ्या नोंदी होत्या. पण नोव्हेंबरचं भाडं आम्ही पूर्ण भरलेलं होतं आणि १५ तारखेपासून तर घर आमचं. उरलेल्या अर्ध्या महिन्याची रक्कम आधी कुठेच नव्हती. अॅटर्नीच्या ऑफिसला फोन केला आणि ती आमच्या बाजूने जमा झाली. सिक्युरिटी डिपॉझिटचे २,६०० मात्र या हिशेबात कुठेच येत नाहीत, ते किमतीतून वजा करू नका. भाडेकरार संपला की तीस दिवसांत मालकाने ते वेगळे परत करायचे असतात. आमचा चेक डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आला, दारावरच्या एका ओरखड्याचे ४० डॉलर कापून.